गच्ची साडेचारशे मीटर, कामाची किती?

सौर पॅनल बसवणाऱ्या माणसाला फोन केला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "टेरेस किती स्क्वेअर फूट?" आपण आकडा सांगतो, तो मनातल्या मनात शंभराने भागतो आणि किलोवॉट सांगून मोकळा होतो. शंभर चौरस फुटांना, म्हणजे साधारण दहा चौरस मीटरना, एक किलोवॉट हा या धंद्यातला चालू हिशोब आहे आणि ढोबळपणे तो बरोबरही आहे. घोळ होतो तो कोणत्या क्षेत्रफळाला भागायचं यावर. गच्चीचं क्षेत्रफळ आणि पॅनलच्या कामाचं क्षेत्रफळ यांच्यात टाकी, लिफ्टची मशीनरूम, कठडा, शेजारची इमारत आणि डिसेंबरचा खाली उतरलेला सूर्य एवढे सगळे उभे असतात.

एका घराचा प्रश्न असेल तर कुणीतरी टेप घेऊन वर चढतो आणि मोजतो. पण अख्ख्या शहराचा किंवा एखाद्या वॉर्डाचा अंदाज हवा असेल तर हजारो गच्च्यांवर चढणार कोण? आयआयटी मुंबईतल्या ऱ्हिदम सिंग आणि रंगन बॅनर्जी यांनी २०१५ साली मुंबईचा असा अंदाज मांडला होता, तो २,१९० मेगावॉटचा. त्यांची रीत नमुन्याची होती. जमिनीच्या वापराची उपलब्ध माहिती घ्यायची, काही भागांच्या उपग्रहचित्रांवरून छपरांचं आणि मोकळ्या जागेचं प्रमाण काढायचं आणि ते शहराला लावायचं. शहराचं धोरण ठरवायला असा आकडा पुरतो. मात्र अमुक सोसायटीच्या गच्चीवर किती पॅनल बसतील हे त्यातून निघत नाही. त्यासाठी दोन नकाशे एकावर एक ठेवावे लागतात.

पहिला नकाशा इमारतींच्या फूटप्रिंटचा, म्हणजे वरून पाहिल्यावर दिसणाऱ्या इमारतीच्या बाह्यरेषेचा. ओपनस्ट्रीटमॅपवर त्या लोकांनी हाताने काढलेल्या असतात. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी उपग्रहचित्रांवरून यंत्राकरवी काढलेल्या बाह्यरेषाही मोफत मिळतात. दुसरा नकाशा सरफेस मॉडेलचा. तो असतो चौकटींचा एक मोठा तक्ता, आणि प्रत्येक चौकटीत एकच आकडा असतो: त्या ठिकाणी आकाशातून खाली आलं तर पहिली वस्तू किती उंचीवर लागेल. ती जमीन असेल, गच्ची असेल, टाकीचं झाकण असेल किंवा आंब्याचा शेंडा. निव्वळ जमिनीची उंची देणारे नकाशे वेगळे असतात आणि ते इथे कुचकामी ठरतात, कारण त्यातून इमारती आणि झाडं आधीच काढून टाकलेली असतात. सावली तर तीच पाडतात.

फूटप्रिंट सांगतो गच्ची कुठे आहे, सरफेस मॉडेल सांगतं तिच्यावर आणि तिच्याभोवती काय उभं आहे. पुढचं काम भूमितीचं.

पुण्यातली एक साधी इमारत घेऊ. फूटप्रिंट पूर्व-पश्चिम ३० मीटर, दक्षिणोत्तर १५ मीटर, म्हणजे ४५० चौरस मीटर. शंभर फुटांच्या हिशोबाने उत्तर आलं ४५ किलोवॉट. आता एकेक करून वजाबाकी करत जाऊ.

पहिली वजाबाकी कडांची. बाह्यरेषेत छज्जे येतात, कठड्याची जाडी येते आणि रेषा काढताना झालेली अर्ध्या-पाऊण मीटरची चूकही येते. शिवाय अगदी कडेला वारा पॅनलला खालून उचलतो आणि धुवायला जायला वाटही लागते. म्हणून रेषा चारही बाजूंनी एक मीटर आत ओढतात. २८ गुणिले १३, उरले ३६४.

दुसरी वजाबाकी गच्चीवरच्या वस्तूंची, आणि इथे सरफेस मॉडेल कामाला येतं. फूटप्रिंटच्या आतल्या सगळ्या चौकटींच्या उंची घ्यायच्या आणि त्यांची मधली किंमत काढायची. तीच गच्चीची पातळी, कारण बहुतेक चौकटी सपाट गच्चीच्याच असतात. तिच्यापेक्षा फूटभर किंवा अधिक वर असलेल्या चौकटी म्हणजे अडथळा. आपल्या इमारतीत मशीनरूम आणि तिच्या डोक्यावरची टाकी मिळून ६ मीटर रुंद, ५ मीटर खोल आणि गच्चीपासून साडेचार मीटर उंच असा एक ठोकळा आहे असं धरू. त्याचे ३० गेले, उरले ३३४. इथपर्यंत नुकसान फारसं नाही. खरं नुकसान त्या ठोकळ्याच्या सावलीने होतं.

सावलीची लांबी काढायला शाळेतलं गणित पुरतं: वस्तूची उंची भागिले सूर्याच्या उन्नतीकोनाचा टॅन्जंट. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला भर माध्यान्हीलाही सूर्य तिथे ४८ अंशांपेक्षा वर जात नाही आणि माध्यान्हीच्या तीन तास आधी तो जेमतेम २९ अंशांवर, आग्नेयेला असतो. साडेचार मीटरच्या ठोकळ्याची सावली माध्यान्हीला चार मीटर पडते, तीन तास आधी आठ मीटर, आणि ती तिरकी वायव्येकडे. माध्यान्हीनंतर तीन तासांनी तेवढीच ईशान्येकडे. या सहा तासांतल्या सगळ्या सावल्या एकत्र रंगवल्या तर ठोकळ्याच्या उत्तरेला पसरट पंख्यासारखा आकार तयार होतो.

आता ठोकळा कुठे आहे ते पाहू. तो गच्चीच्या दक्षिण कडेला मधोमध असेल तर तो पंखा पूर्णच्या पूर्ण गच्चीवर पडतो आणि साधारण १२० चौरस मीटर व्यापतो. ३३४ मधून तेवढे गेले की उरतात २१५ च्या आसपास, म्हणजे २१ किलोवॉट. तोच ठोकळा उत्तर कडेला असेल तर बहुतेक सावली इमारतीबाहेर पडते, गच्चीवर फक्त दोन कोपरे मिळून अठ्ठावीसेक चौरस मीटर झाकले जातात, आणि क्षमता ३० किलोवॉटवर जाते. इमारत तीच, टाकी तीच, गच्चीचं क्षेत्रफळही तेच. एखाद्या भागातल्या सगळ्या गच्च्यांना सरसकट एकच टक्केवारी लावली की नेमका हा फरक पुसला जातो.

कुणी विचारेल, उन्हाळ्यात सूर्य उत्तरेला जातो तेव्हा उत्तरेकडच्या टाकीची सावली गच्चीवर येणार नाही का? येते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्यात माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. पण २१ जूनलाही तो ८५ अंशांवर असतो, त्यामुळे साडेचार मीटरच्या ठोकळ्याची सावली दक्षिणेला वीतभर-दोन वीत सरकते, सकाळ-संध्याकाळी फार तर मीटरभर. शिवाय त्यातले बरेच दिवस पावसाळी ढगांचे. त्या दिवसांत ऊन थेट सूर्याकडून येतच नाही, सगळ्या आभाळातून झिरपून येतं आणि सावली अशी पडत नाही. तेव्हा महत्त्व राहतं ते त्या जागेवरून आभाळाचा किती भाग उघडा दिसतो याला. युरोपातल्या पद्धती जशाच्या तशा उचलल्या की या गोष्टीकडे दुर्लक्ष होतं. आपलं वर्षभराचं ऊन सारखं वाटलेलं नाही. कोरडं, कडक, थेट ऊन ऑक्टोबर ते मे असतं, आणि लांब सावल्यांचे महिने त्याच्याच पोटात येतात.

आपण वर लावलेला नियम कडक होता: वर्षातल्या सर्वांत वाईट दिवशीही मधल्या सहा तासांत जिथे एक मिनिटही सावली येते ती जागा बाद. समजायला तो सोपा आहे, पण तो चांगली जागाही फेकून देतो. ठोकळ्याच्या उत्तरेला मीटरभर अंतरावरची एक चौकट घ्या. तिथे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ऐन माध्यान्हीला सावली असते, म्हणजे सात महिने. ती जागा गेलीच. उलट पंख्याच्या वायव्य टोकावरच्या चौकटीला फक्त डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी थोडा वेळ झळ लागते. कडक नियमाला दोघी सारख्याच.

म्हणून जाणकार तास न मोजता ऊर्जा मोजतात. प्रत्येक चौकटीवर उभं राहून चहूदिशांना पाहिलं तर क्षितिज किती अंश वर उचललेलं आहे, हे संगणक एकदाच काढून ठेवतो. दर पाच-दहा अंशांच्या दिशेला तो त्या रेषेवरच्या चौकटी एकेक करून तपासतो आणि सर्वांत उंच भासणारी वस्तू टिपतो. मग वर्षभरातल्या प्रत्येक तासाला सूर्य त्या दिशेच्या क्षितिजाच्या वर आहे की खाली, एवढंच पाहायचं. वर असेल तर त्या तासाचं थेट ऊन जमा, खाली असेल तर फक्त आभाळातून येणारं. वर्षाची बेरीज मोकळ्या, सावली नसलेल्या जागेच्या किती टक्के भरते यावरून चौकट ठेवायची की काढायची ते ठरतं. अमेरिकेच्या अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने २०१६ साली १२८ शहरांच्या लेसरने मोजलेल्या उंचीवरून छपरं तपासली तेव्हा उंबरठा ८० टक्क्यांचा धरला होता. त्यात लहान इमारतींपैकी ८३ टक्के इमारतींवर पॅनलला योग्य जागा सापडली, पण त्या इमारतींच्या एकूण छपरापैकी योग्य क्षेत्र निघालं फक्त २६ टक्के. आपल्या सपाट गच्च्यांचं प्रमाण वेगळं असणार, कारण तिथल्या उत्तर उताराच्या छपरांचा मोठा भाग आधीच बाद होतो. हा हिशोब करणारी साधनं मोफत आहेत. ग्रास या प्रणालीतली `r.horizon` आणि `r.sun` ही दोन त्यातली जुनी आणि भरवशाची.

अशी चाळणी लावून उरलेल्या चौकटी नकाशावर ठिगळांसारख्या दिसतात. त्यांची बेरीज करून थांबलं तर पुन्हा फसगत. सध्याचं सर्रास वापरलं जाणारं पॅनल सव्वादोन मीटरहून थोडं लांब आणि सव्वा मीटरहून थोडं कमी रुंद असतं. टाकी आणि कठडा यांच्यामधली पाऊण मीटरची उन्हाची पट्टी क्षेत्रफळात भरते, पण तिच्यात पॅनल बसत नाही. त्यामुळे सुटी आणि अरुंद ठिगळं काढून टाकावी लागतात. वर सांगितलेल्या अमेरिकी अभ्यासात दहा चौरस मीटरपेक्षा लहान सलग तुकडा धरलाच नव्हता. पॅनलच्या रांगांचीही एकमेकींवर सावली पडते. अठरा अंश कललेलं पॅनल मागच्या कडेला सत्तर सेंटिमीटर उचललेलं असतं आणि त्याच्या मागे ऐंशी-पंच्याऐंशी सेंटिमीटर सोडावे लागतात. ही मोकळी जागा शंभर फुटांच्या हिशोबात धरलेलीच असते, म्हणून ती वेगळी वजा करायची नाही. दोनदा वजा करणारे अहवाल मी पाहिले आहेत.

थोड्याशा सावलीचा एवढा बाऊ कशाला, असंही वाटू शकतं. कारण पॅनलमधले घट एकामागोमाग एक जोडलेले असतात. एक झाकला की त्याच्या रांगेतल्या बाकीच्यांचा प्रवाहही अडतो. म्हणून साधारणपणे पॅनलचे तीन भाग करून प्रत्येकाला बायपास डायोड लावतात, म्हणजे झाकलेला भाग बाजूला पडून बाकीचे चालू राहतात. तरी हातभर सावलीने पॅनलची तिसरा हिस्सा वीज जाऊ शकते. क्षेत्रफळाच्या प्रमाणात वीज घटेल हे गृहीतक इथे चालत नाही.

आता या सगळ्या पद्धतीतली एक मोठी गोम. संगणक सावली मोजतो ती गच्चीच्या पातळीवर. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांत पॅनल मात्र अनेकदा डोक्यावरून उंच लोखंडी सांगाड्यावर चढवतात, कारण खाली वाळवणं घालायची असतात, कोजागरी करायची असते आणि गच्ची सगळ्यांच्या मालकीची असल्याने ती अडवायला कुणी तयार नसतं. आपल्या उदाहरणात पॅनल अडीच मीटर वर नेले तर त्यांच्यासाठी साडेचार मीटरचा ठोकळा फक्त दोन मीटरचा उरतो. दक्षिणेकडच्या त्या वाईट ठोकळ्याची कडक नियमातली सावलीही १२० वरून ४५ चौरस मीटरवर येते, आणि २१ किलोवॉटची गच्ची २९ ची होते. कठड्याची सावली तर हिशोबातूनच जाते. म्हणून मोजणी करताना गच्चीच्या चौकटींची उंची पॅनलच्या उंचीइतकी वाढवून सावली पुन्हा काढावी. काम दहा मिनिटांचं आहे, पण बहुतेक अहवालांत ते केलेलं दिसत नाही. अर्थात उंच सांगाड्यावर वाऱ्याचा जोर जास्त असतो. लोखंड वाढतं, खर्च वाढतो आणि जुन्या स्लॅबला ते पेलेल का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच विचारावं लागतं.

चुका कुठे होतात? सर्वांत मोठी चूक उंचीच्या नकाशाच्या जाडेपणात असते. जपानच्या उपग्रहाचा किंवा आपल्या कार्टोसॅटचा जो नकाशा मोफत मिळतो त्याची एक चौकट साधारण तीस मीटरची असते, म्हणजे नऊशे चौरस मीटर. आपली पूर्ण इमारत त्या चौकटीच्या निम्म्यात मावते. टाकी, मशीनरूम, कठडा सगळं सरासरीत विरघळतं. तरीही सॉफ्टवेअर हू की चू न करता सावलीचा हिशोब करून देतं आणि जवळपास पूर्ण गच्ची उन्हात असल्याचं दाखवतं. टाकी दिसायची तर चौकट अर्ध्या मीटरची हवी. तेवढा बारकावा लेसर मोजणीतून किंवा ड्रोनच्या चित्रांतून येतो. ड्रोनच्या चित्रांतही काळी, गुळगुळीत प्लास्टिकची टाकी आणि सोलर हीटरच्या काचेच्या नळ्या यांची उंची नीट येत नाही. तिथे खड्डे किंवा भलतेच सुळके दिसतात. बारीक गोष्टी, म्हणजे मोबाइलचा अँटेना, तारा, कपडे वाळत घालायचे पाइप, यांचा तर पत्ताच नसतो.

दुसरी चूक दोन नकाशे एकमेकांवर न बसण्याची. उपग्रहाने चित्र तिरकं घेतलेलं असलं तर उंच इमारतीचं छप्पर तिच्या पायापासून बाजूला सरकलेलं दिसतं. कॅमेरा वीस अंश कललेला असेल तर तीस मीटरच्या इमारतीचं छप्पर तब्बल अकरा मीटर सरकतं. बाह्यरेषा त्या छपराभोवती काढली असेल तर तिच्या आत अर्धा रस्ता येतो. ओळखायला सोपी खूण आहे. फूटप्रिंटमधल्या उंचींचा आलेख काढायचा. गच्चीच्या पातळीला एक टेकडी आणि वीस-तीस मीटर खाली दुसरी टेकडी दिसली की रेषा सरकलेली आहे.

तिसरी चूक आळसाची. काम हलकं व्हावं म्हणून उंचीचा नकाशा फूटप्रिंटपुरता कापून घेतात आणि मग सावली काढतात. शेजारची बारा मजली इमारत कापताना निघून गेलेली असते, त्यामुळे तिची सावलीही पडत नाही. आजूबाजूचा निदान शंभर मीटरचा पट्टा ठेवायलाच हवा, मोठे टॉवर असतील तर जास्त. घड्याळाचाही घोळ होतो. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, पुणे त्याच्या पश्चिमेला. डिसेंबरात तिथे सूर्याची माध्यान्ह घड्याळात साडेबारानंतर होते. घड्याळाचे बारा हीच माध्यान्ह धरली तर सगळ्या सावल्या अर्धा तास चुकतात.

या चुका पकडायला एक सोपा ताळा आहे. ज्या उपग्रहचित्राची तारीख आणि वेळ माहीत आहे ते घ्यायचं, त्या क्षणाची सावली संगणकाकडून काढून चित्रावर ठेवायची आणि इमारतींच्या खऱ्या सावल्यांशी जुळते का पाहायचं. लांबी जुळत नसेल तर उंची चुकली, दिशा जुळत नसेल तर वेळ किंवा नकाशाची मांडणी.

ताळा जुळला तरी तो मोजणी झाली त्या दिवसापुरताच. पॅनल पंचवीस वर्षांसाठी बसवतात आणि पुण्या-मुंबईत तेवढ्या काळात शेजार बदलतो. आपल्या इमारतीच्या दक्षिणेला बारा मीटरवर आज तीन मजली बंगला आहे आणि तो पुनर्विकासाला निघाला आहे असं धरा. नवी इमारत आपल्या गच्चीपेक्षा पंचवीस मीटर उंच गेली तर २१ डिसेंबरच्या माध्यान्हीला तिची सावली साडेबावीस मीटर पडेल आणि आपल्या पंधरा मीटर खोल गच्चीत साडेदहा मीटर आत येईल. माध्यान्हीची सावली गच्चीला शिवायला लागेल ती साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि हटेल मार्चच्या सुरुवातीला. म्हणून पुनर्विकासाचा आराखडा मंजूर झाला असेल तर त्यातली उंची महापालिकेकडून घेऊन सरफेस मॉडेलमध्ये तिथल्या चौकटींत हाताने भरायची आणि गणित पुन्हा चालवायचं. पॅनलची ऑर्डर त्यानंतर द्यायची.